बाथरूमच्या भिंतीतले पंधरा मिलिमीटर

जुन्या टाइल्स काढून भिंत विटेपर्यंत उघडी झाली होती. शॉवरच्या कन्सील्ड मिक्सरची बॉडी खाचेत बसवून प्लंबर म्हणाला, "काका, झालं. उद्या गिलाव्याला माणूस बोलवा." बॉडीवरच्या प्लास्टिकच्या कव्हरला दोन रेघा असतात. टाइलचा दर्शनी पृष्ठभाग या दोन रेघांच्या मधे यायला हवा. मी त्याला विचारलं, येईल का? "येतोच," म्हणाला. त्या "च"नेच मला शंका आली.

दुपारी टाइलवाल्याला बोलावून हिशेब मांडला. गिलावा 15 मिलिमीटर, चिकटवायचं मटेरियल 5, टाइल 9, म्हणजे विटेपासून 29. आमच्या कव्हरची आतली रेघ विटेपासून 12 वर आणि बाहेरची 32 वर होती. म्हणजे कसंबसं बसत होतं. पण टाइलवाल्याने वरून ओळंबा सोडला आणि भिंत मिक्सरच्या उंचीवर 8 मिलिमीटर आत गेलेली निघाली. ती खोली गिलाव्यानेच भरून काढायची, म्हणजे टाइलचा पृष्ठभाग 37 वर येणार आणि बॉडी 5 मिलिमीटर जास्त खोल राहणार. तसंच राहिलं असतं तर टाइलचं भोक झाकणारा गोल फ्लँज आणि हँडल नीट बसलं नसतं. मग एक्स्टेन्शन किट शोधत फिरा, आणि ते प्रत्येक मॉडेलला मिळतंच असं नाही. उलट बॉडी जास्त बाहेर आली तर फ्लँज भिंतीला टेकत नाही, आणि मग टाइल फोडण्यावाचून इलाज नसतो.

प्लंबर थोडा कुरकुरला. नशिबाने खाच अजून भरलेली नव्हती. पाइपांचे क्लॅम्प सैल करून बॉडी 15 मिलिमीटर पुढे घेतली आणि मागे पॅकिंग दिलं. आता रेघा 27 आणि 47 वर आल्या, टाइल बरोबर मधोमध. एवढ्यावर न थांबता आम्ही गिलाव्याची जाडी ठरवणाऱ्या ठिय्यांवर दोरी ताणली, दोरीला टाइलचा एक तुकडा टेकवून रेघ पाहिली आणि कव्हरच्या तोंडावर पाणसळ आडवी-उभी धरली. बॉडी किंचित तिरकी असेल तर गोल फ्लँजची एक कड भिंतीपासून सुटते, आणि रोज आंघोळ करताना नजर तिथेच जाते.

मग बॉडीच्या उघड्या तोंडांना डमी बुचं लावून पंपाने पाण्याचं प्रेशर दिलं. रात्रभर काटा हलला नाही, तेव्हाच खाच भरू दिली. टाइलवाल्याला दोन गोष्टी बजावल्या: टाइलचं भोक फ्लँजपेक्षा लहान ठेव, आणि कव्हर आधी कापू नकोस, टाइल लागल्यावर पृष्ठभागाशी सपाट काप.

फ्लँज छान टेकला. या सगळ्यात नळाचा एल्बो मोजायचा मात्र राहूनच गेला, तो टाइलच्या सेंटीमीटरभर आत गेला. तिथे निदान पितळी एक्स्टेन्शन निपल लावून भागलं.