मी सॉरी का म्हटलं?

चार दिवस झाले, तरी तेवढंच आठवतंय. कागद त्यांच्या हातात देताना मी "सॉरी अण्णा" म्हटलं. त्यांनी काही विचारायच्या आत. म्हणजे चूक कुणाची, हे ठरायच्या आधीच मी ती माझ्या नावावर टाकून मोकळी झाले.

आधी कागदाबद्दल लिहिते, म्हणजे डोकं जरा जागेवर येईल.

आमच्या ऑफिसातले अण्णा आजारपणाहून परत आले आणि त्यांनी डॉक्टरांचा दाखला माझ्या टेबलावर ठेवला. चार घड्या घातलेला, खिशात राहून मऊ झालेला. नाव, तारीख, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. विश्रांती किती दिवस, तिथे इंग्रजी आठ. रजेच्या नोंदीतही आठच दिवस होते. मी पेन उचलून नोंद करणारच होते, आणि त्या आठाकडे नजर गेली. आठ आपण एका झटक्यात काढतो, पेन न उचलता. हा आठ तसा नव्हता. उजवी बाजू तीनच्या आकड्यासारखी भरघोस, आणि डावीकडे दोन छोट्या कमानी मागाहून टेकवल्यासारख्या.

मग मी जे केलं ते करायला नको होतं असं अजूनही वाटतं. खिडकीपाशी जाऊन कागद उलटा केला आणि मागच्या बाजूने बोट फिरवलं. डॉक्टर बहुतेक लेटरपॅडवरच लिहितात, खाली बाकीच्या कागदांची गादी असते, त्यामुळे बॉलपेनचं अक्षर मागे उठून येतं. सगळी ओळ बोटाला लागत होती. आकड्याची उजवी बाजूही लागत होती. डावी लागत नव्हती. टेबलासारख्या कडक जागेवर ठेवून हलक्या हाताने लिहिलं की तसं होतं.

आणि घडी. एक घडी नेमकी त्या आकड्यातून जात होती. कागद सपाट असताना लिहिलेली रेघ घडीवरून जशीच्या तशी जाते, नंतर घडी पडली की फार तर शाई तिथे झिजते. पण घडी आधी पडली असेल, तर तिथले तंतू तुटलेले असतात आणि वरून गेलेली शाई त्यात पसरते, विशेषतः जेलपेनची. उजव्या बाजूची रेघ घडीवर थोडी झिजली होती, इतकंच. डाव्या कमानींच्या शाईला घडीवर बारीक मिशा फुटल्या होत्या. साध्या भिंगातूनही दिसत होत्या.

एवढं कळल्यावर मला आनंद झाला. खरंच झाला, अर्धा मिनिट. कोडं सुटल्यासारखा. मग आठवलं की हा कागद अण्णांचा आहे. पहिल्या महिन्यात पगारपत्रकात माझ्याकडून एक रकाना खाली सरकला होता. तो त्यांनी साहेबांकडे जायच्या आधी दुरुस्त केला आणि आजतागायत कुणाला सांगितलं नाही. त्यावर आणखी लिहीत नाही.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "तू बघ." नेहमीसारखंच.

रात्रभर मी एकच शब्द शोधत होते. 'खोटा' लिहिता येत नाही, कारण ते मला माहीतच नाही. घडी आणि शाई एवढंच सांगतात की डावी बाजू नंतर आली. कुणी काढली ते सांगत नाहीत. अण्णा दोन-तीन दिवसांनी पुन्हा दाखवायला गेले असतील, डॉक्टरांनी तोच कागद घेऊन दुसऱ्या पेनाने दिवस वाढवून दिले असतील. होतं असं. फक्त असं केलं की डॉक्टर शेजारी छोटी सही करतात, निदान करायला हवी. ती नव्हती. माझ्या हातात खरोखर तेवढंच होतं, एक नसलेली सही.

दवाखान्यात फोन करावा असंही वाटलं. पण अण्णांना न विचारता त्यांच्या दुखण्याची चौकशी करणं मला जमलं नसतं, आणि डॉक्टरांनीही सांगितलं नसतं. 'हा दाखला तुम्ही इतक्या दिवसांचा दिलात का' एवढंच विचारायचं, तरी अण्णांची संमती हवीच.

शेवटी चिठ्ठी अशी झाली: 'दिवसांच्या आकड्यात दुरुस्ती असून तिच्याजवळ डॉक्टरांची सही नाही. सबब दाखला सध्याच्या स्वरूपात स्वीकारता येत नाही. डॉक्टरांच्या सहीनिशी दुरुस्त केलेला अथवा नवा दाखला आणावा.' तीन वाक्यांना सात मसुदे. मूळ कागदावर मी काही लिहिलं नाही, टाचणीसुद्धा मारली नाही. झेरॉक्स ठेवून घेतली.

आणि इतकं नीट जमवून, त्यांच्या टेबलापाशी गेल्यावर तोंडातून काय निघालं, तर सॉरी. हातही थरथरत होता, चिठ्ठीचा आवाज होत होता. फाशी त्यांना आणि घाम मला!

अण्णांनी चिठ्ठी वाचली, दाखल्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "अगं, डॉक्टर म्हणाले होते आठ दिवस घ्या म्हणून."

यावर मी काय बोलणार? आपण सगळेच आठवड्याला आठ दिवस म्हणतो. डॉक्टर म्हणालेही असतील. मी मान हलवली आणि परत आले. दुपारी ते एकटेच जेवले की मला तसं वाटलं, कुणास ठाऊक. मी मुद्दाम तिकडे बघत नव्हते. या नोकरीत वाईट माणूस व्हायचे वेगळे पैसे मिळत नाहीत, हे तेव्हा फार जाणवलं. घरी येऊन रडलेसुद्धा. आता लिहिताना जरा हसू येतंय, कारण रडताना मी दाखल्याची झेरॉक्स ओली होऊ नये म्हणून ऑफिसमध्येच आहे ना, हे मनात तपासत होते.

तो 'सॉरी' मात्र सुटत नाही. संशय घेतला म्हणून होता का? की पकडलं म्हणून? की मला आधी आनंद झाला होता म्हणून? तिसरं असावं. तसं असेल तर ते अण्णांना कळलेलं नाही, आणि कळू नये.

आज सकाळी माझ्या टेबलावर अर्ज होता. नवा दाखला नाही. जुनाच दाखला, त्यावर तीन दिवस धरावेत, उरलेले अर्जित रजेतून वळते करावेत. कारणाचा रकाना रिकामा. अक्षर अण्णांचंच, गोल, संथ. आणि दिवसांच्या जागी आकडा लिहून पुढे अक्षरी: '५ (पाच) फक्त.' चेकवर लिहितात तसं 'फक्त'. ते मी तीनदा वाचलं. चिडून लिहिलंय, की माझी थट्टा केलीय, की यापुढे असंच लिहावं म्हणून मला शिकवलंय?

मला हसू आलं आणि तेवढ्यात त्यांनी वर बघितलं. तेही हसल्यासारखे वाटले, पण ते चष्मा पुसत होते, तेव्हा नक्की नाही.

मग मी रजेचं खातं उघडलं. अर्जित रजा शिल्लक चार. एक दिवस बिनपगारी होतोय. उद्या पुन्हा त्यांच्या टेबलापाशी जायचंय.