पाच बटणांवरून एका बटणावर: क्लासच्या प्रवेशाचं लँडिंग पेज लिहिताना

मथळा, निकाल आणि शिक्षकांची ओळख एका बैठकीत लिहून झाली. अडलं ते बटणापाशी, आणि त्यात गेलेल्या दिवसांची चीड अजून जात नाही.

क्लासच्या संचालकांना पानावर पाच बटणं हवी होती: फोन करा, व्हॉट्सॲप करा, माहितीपत्रक घ्या, फी पाहा, प्रवेश घ्या. माहितीपत्रक डाउनलोड करणारा पालक 'नंतर वाचू' म्हणून पान बंद करतो आणि आपल्याकडे त्याचा नंबरही उरत नाही. 'प्रवेश घ्या' दाबलं की लगेच पैसे भरायचे का, हे कळत नाही, म्हणून जाहिरातीवरून पहिल्यांदाच आलेला माणूस तिथे थबकतो. शेवटी मी एकच प्रश्न विचारला: ज्यांनी प्रवेश घेतला, त्यांनी त्याआधी काय केलं होतं? बहुतेक जण डेमो लेक्चरला बसले होते. म्हणजे पानाचं काम प्रवेश देणं नाही, डेमोपर्यंत आणणं आहे. बटण झालं 'रविवारच्या डेमोला जागा ठेवा' आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'डेमो मोफत. नाव, इयत्ता आणि मोबाइल एवढंच विचारू.'

हेच बटण पानावर तीनदा ठेवलं: फोनच्या पहिल्या स्क्रीनवर, निकालांखाली आणि अगदी शेवटी. तिन्ही ठिकाणी शब्द तेच हवेत. बदलले की हे काहीतरी वेगळं आहे असं वाटतं. वरचा मेनू आणि सोशल मीडियाची चिन्हं काढून टाकली. फोन आणि व्हॉट्सॲप फॉर्म भरल्यानंतरच्या 'धन्यवाद' पानावर गेले. त्या पानाचा पत्ता वेगळा ठेवा, म्हणजे किती जणांनी फॉर्म पूर्ण केला ते थेट मोजता येतं. फी मात्र लपवू नका. तिला बटण नको, पण मजकुरात आकडा हवाच. नाहीतर पालक तेवढ्यासाठी पानाबाहेर जाऊन नंबर शोधतात.

मोबाइलच्या रकान्याने वेगळाच घोळ घातला. दहा आकड्यांची मर्यादा घातली होती, पण ब्राउझर आपोआप नंबर भरताना पुढे देशाचा कोड लावतो. मग शेवटचे आकडे तुटतात आणि चुकीचा नंबर आपल्याकडे येतो. देशाचा कोड नको, असं ब्राउझरला सांगता येतं:

```html
<input type="tel" name="mobile" autocomplete="tel-national">
```

तरीही मर्यादा काढून टाका. आलेल्या नंबरातल्या मोकळ्या जागा आणि कोड सर्व्हरवर साफ करा.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: जाहिरातीत 'मोफत डेमो' म्हटलं असेल तर पानाच्या मथळ्यातही तेच शब्द हवेत, नाहीतर आपण चुकीच्या पानावर आलो असं वाटून माणूस परत फिरतो. आणि बटणात वार लिहिला असेल तर डेमो संपल्याच्या रात्रीच तो बदला, नाहीतर होऊन गेलेल्या लेक्चरसाठी नावं येत राहतात.