एका ‘हाउएव्हर’पायी तीनदा परत आलेलं प्रकरण

माझा प्रबंध कांद्याच्या साठवणुकीवर आहे, लिहिलाय इंग्रजीत. त्याचं तिसरं प्रकरण गाईडकडून तीनदा परत आलं आणि प्रत्येक वेळी समासात तेच दोन शब्द होते: कॉमा स्प्लाइस. नेमकं काय चुकलंय, हे मात्र कुणी सांगेना. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

स्वतंत्र उभी राहू शकणारी दोन वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली की तो स्प्लाइस. ‘ह्युमिडिटी वॉज हाय, द बल्ब्ज रॉटेड.’ मराठीत ‘हवा दमट होती, कांदे सडले’ कुणालाच खटकत नाही, त्यामुळे इंग्रजीतही माझ्या डोळ्यांना ते दिसत नव्हतं. तरी अशी वाक्यं पहिल्याच फेरीत दुरुस्त झाली. इथे अर्धविराम चालतो, पण तो दोन निरीक्षणं फक्त शेजारी ठेवतो. मला कारण सांगायचं होतं, म्हणून मी ‘बिकॉज’ घातलं.

अडले ते ‘हाउएव्हर’पाशी. ‘वेट लॉस वॉज लो, हाउएव्हर स्प्राउटिंग वॉज हाय.’ माझ्या मनात ‘वजन फार घटलं नाही, पण कोंब खूप आले’ असं होतं, आणि ‘पण’च्या जागी मी ‘हाउएव्हर’ बसवत होते. शेवटी इंग्रजी शिकवणाऱ्या मावशीने फोनवर विचारलं, “तो शब्द उचलून पुढे नेता येतो का गं?” नेऊन पाहिला. ‘स्प्राउटिंग, हाउएव्हर, वॉज हाय’ हे बरोबर आहे. ‘स्प्राउटिंग, बट, वॉज हाय’ असं कुणी म्हणणार नाही. म्हणजे ‘बट’ वाक्यं जोडतो, म्हणून त्याच्याआधी कॉमा पुरतो. ‘हाउएव्हर’ क्रियाविशेषण आहे, तो जागा बदलतो, जोडत नाही. त्याच्याआधी अर्धविराम हवा आणि नंतर कॉमा. ‘देअरफोर’ आणि ‘दस’चंही तेच.

मग वर्डमध्ये `, however` शोधलं. 37 जागा निघाल्या. सरसकट `; however,` करू नका, कारण वाक्याच्या पोटातला ‘हाउएव्हर’ही त्यात सापडतो आणि तो बरोबर असतो. दोन्ही बाजूंना कर्ता आणि क्रियापद आहे का, हे एकेक करून पाहावं लागतं. मला दोन संध्याकाळी लागल्या.

त्या भरात मी ‘ऑल्दो’च्या आधीही अर्धविराम टाकले होते, ते काढावे लागले. ‘ऑल्दो स्प्राउटिंग वॉज हाय’ हे पूर्ण वाक्य नाही, आणि अर्धविरामाला दोन्ही बाजू पूर्ण लागतात.

डॅशला तशी अट नाही. ‘वन फॅक्टर मॅटर्ड मोस्ट — ह्युमिडिटी.’ पहिल्या भागाने उत्सुकता लावली आणि दुसऱ्याने ती एका शब्दात फेडली. इथे अर्धविराम चालणारच नाही. पण प्रबंधात डॅश फार दिसला की गप्पा मारल्यासारखं वाटतं, म्हणून मी दोनच ठेवले, बाकी ठिकाणी कोलन. आणि हो, कीबोर्डवरची छोटी रेघ म्हणजे डॅश नव्हे. वर्डमध्ये दोन शब्दांच्या मध्ये जागा न सोडता `--` टाइप करून पुढे लिहीत गेलं की लांब रेघ होते.

चौथ्या वेळी प्रकरण परत आलं, तेव्हा समासात फक्त एका तक्त्याचा चुकलेला क्रमांक होता.