एवढं एक फील्ड टाका

नवी सॉफ्टवेअर सिस्टिम प्रत्यक्ष सुरू व्हायला, म्हणजे गो-लाइव्हला, सात आठवडे उरले होते. आढाव्याच्या बैठकीआधी रिस्क रजिस्टर उघडलं, तर गेल्या पाच आठवड्यांत त्यातला एकही आकडा हलला नव्हता. जुन्या डेटाच्या स्थलांतराची जोखीम कोणाच्या नावावर? 'प्रोजेक्ट टीम'. म्हणजे कोणाच्याच नाही. ती शीट मीच सांभाळत होते, त्यामुळे रागवायला दुसरं कोणी नव्हतं.

मग यूएटीच्या, म्हणजे वापरणाऱ्यांनी घेतलेल्या चाचणीच्या, डिफेक्टची यादी घेऊन बसले. 58 उघडे. प्रत्येकाला एकच प्रश्न लावला: सिस्टिमने काय करायचं ते लिहिलेल्या, सही झालेल्या ब्ल्यूप्रिंटमध्ये हे आहे का? असून चालत नसेल तर डिफेक्ट, मुळात नसेल तर नवी मागणी. संध्याकाळपर्यंत 21 नव्या मागण्या निघाल्या. लबाडी कोणाची नव्हती. नव्या मागणीच्या चेंज रिक्वेस्टला सही आणि खर्चाचा अंदाज लागतो, डिफेक्टला काहीच लागत नाही. पाणी उताराकडेच जाणार.

त्यातली एक मागणी खरेदीच्या मंजुरीची होती. ठरलं होतं रकमेनुसार दोन टप्प्यांचं. भांडारप्रमुखांना विभागप्रमुखाचीही मंजुरी हवी होती आणि आमच्या कन्सल्टंटने अर्ध्या दिवसात ती जोडूनही दिली. सेटिंग खरंच तेवढंच होतं. पण आता प्रत्येक पर्चेस ऑर्डरवर विभाग असणं सक्तीचं झालं, आणि जुन्या सिस्टिममधल्या 340 उघड्या ऑर्डरींवर विभाग नव्हताच. चाचणी स्थलांतरात त्या सगळ्या मंजुरीत अडकल्या, कारण मंजुरी कोणाकडे पाठवायची हे सिस्टिमला कळेना. शिवाय युजर रोल बदलायचे आणि खरेदीच्या चाचण्या पुन्हा घ्यायच्या. हिशेब 11 मनुष्यदिवसांवर गेला.

"अहो मॅडम, एक फील्ड तर आहे," भांडारप्रमुख म्हणाले.

"सर, ते नसेल तर पहिल्या दिवशी कोणतं काम थांबेल?"

ते थोडा वेळ गप्प बसले. "थांबणार काही नाही. माल कोणी मागवला ते कळायला हवं, बस."

ते एका साध्या रिपोर्टमध्ये दिसत होतं. मंजुरीचा टप्पा काढून टाकला.

स्टिअरिंग कमिटीत 21 पैकी चार मागण्या मंजूर झाल्या, 11 दुसऱ्या टप्प्यात गेल्या, सहा मागणाऱ्यांनीच मागे घेतल्या. रजिस्टरही नव्याने लिहिलं: जोखमीपुढे एका माणसाचं नाव, आणि ती खरी ठरतेय हे कशावरून ओळखायचं ते मोजता येईल असं. उदाहरणार्थ, आठवड्यात तीनपेक्षा जास्त 'डिफेक्ट' नव्या मागण्या निघाल्या, तर विषय थेट कमिटीकडे. तीनच का, याला शास्त्र नाही. त्याहून जास्त आमच्या टीमला पेलत नव्हत्या.

पुढच्याच आठवड्यात चार निघाल्या. त्यातली एक आमच्याच कन्सल्टंटची होती, कोणी न मागता, 'बरं दिसेल' म्हणून केलेली.