तुम्ही विचारलंत म्हणून: ५२० वर गव्हर्नमेंट मिळेल का?

"सर, मुलीला मॉकमध्ये ५२० पडतायत, गव्हर्नमेंट एमबीबीएसचं टार्गेट ठेवू की सोडू?"

नीटच्या सीझनमध्ये दिवसातून चार वेळा हे ऐकतो. लातूरला क्लासमध्ये बायो शिकवतो, म्हणजे उत्तर माझ्या खिशातच असणार असं लोकांना वाटतं. पूर्वी असायचंही. गेल्या वर्षीचा कटऑफ घ्यायचा, मुलाच्या मार्कांशेजारी ठेवायचा, वजाबाकी करायची, संपलं.

२०२५ च्या फेब्रुवारीत एक वडील आले. मुलीच्या सहा फुल सिलॅबस टेस्टचे मार्क वहीच्या मागच्या पानावर लिहून आणले होते: ४९८, ५३१, ५१२, ५४७, ५३८, ५५१. खाली पेन्सिलने ग्राफ आणि मेपर्यंत ओढलेली सरळ रेघ, जी ६४० ला जाऊन टेकत होती. ६४० का, तर २०२४ ला महाराष्ट्रात ओपनची गव्हर्नमेंटची शेवटची सीट साधारण तिथेच बंद झाली होती.

मी म्हणालो, काका, अशी रेघ जात नसते. पहिल्या तीनची सरासरी ५१४, नंतरच्या तीनची ५४५, पण सुरुवातीची वाढ सिलॅबस संपल्याची असते, पुढे प्रत्येक दहा मार्क महाग पडतात. शिवाय एका टेस्टला वीसेक मार्क इकडेतिकडे होतातच. ५४५ आणि ६४० मध्ये ९५ चा फरक, अडीच महिन्यांत भरणार नाही. बीएएमएस, बीडीएस बघून ठेवा. मुलगी शेजारीच बसली होती. काही बोलली नाही, वही बंद केली.

रेघेबद्दल बोललो ते आजही बरोबरच वाटतं. चुकलो ते दुसरीकडे, आणि दोन्ही टोकांना चुकलो.

पहिलं टोक तिचे मार्क. जानेवारीअखेर पॅटर्न बदलल्याचं जाहीर झालं होतं. आधी प्रत्येक विषयात सेक्शन बी मध्ये १५ पैकी १० सोडवायचे, म्हणजे फिजिक्सचे नावडते पाच गाळता यायचे, वेळ २०० मिनिटं. आता १८० च्या १८० प्रश्न कंपल्सरी आणि वेळ १८० मिनिटं. तिच्या पहिल्या चार टेस्ट जुन्या पॅटर्नच्या, शेवटच्या दोन नव्या. म्हणजे ५४७ वरून ५३८ झालं ते घसरणं नव्हतंच, चॉइस गेला, वेळ कमी झाली, तरी पोरगी जवळपास तिथेच टिकली होती. दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेले आकडे मी एका रांगेत लावून सरासरी काढत बसलो होतो. ५५१ च्या पेपरात १४२ बरोबर, १७ चूक, २१ सोडलेले. चुकीच्या प्रत्येकामागे मिळायचे चार हुकले आणि वर एक गेला, म्हणजे त्या १७ मध्येच ८५ मार्क अडकले होते. ते मी तेव्हा मोजलंच नाही.

दुसरं टोक ६४०. तो खऱ्या पेपरचा आकडा, मी मॉकच्या मार्कांशेजारी ठेवला. आमचे मॉक खऱ्या नीटपेक्षा जड काढतो, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत. आदल्या बॅचमध्ये मॉकला ५४० च्या आसपास असलेली पोरं २०२४ च्या खऱ्या पेपरात सहाशेच्या पुढे गेली होती. ती यादी माझ्या कपाटात होती, उघडली नाही.

४ मे २०२५ ला पेपर आला तो जड, फिजिक्सने भल्याभल्यांना रडवलं. देशात सर्वात जास्त मार्क ६८६, आदल्या वर्षी ७२० वालेच कितीतरी होते. महाराष्ट्रात ओपनचा कटऑफ पाचशेच्या जरा वर येऊन थांबला. तिला ४८८ पडले. म्हणजे पाच-सहा प्रश्नांनी सीट हुकली. वडिलांनी नंतर सांगितलं की फेब्रुवारीत माझ्याकडे येऊन गेले त्या दिवसापासून तिने टेस्ट अ‍ॅनालिसिसची वही लिहायची सोडली होती.

आता कुणी म्हणेल, पेपर जड येणार हे तुम्हाला कसं कळणार होतं? नव्हतंच कळणार. मीही स्वतःला हेच सांगतो. पण मग ६४० तरी कुठल्या अधिकाराने सांगितलं? मार्क दरवर्षी पेपरबरोबर हलतात, रँक आणि सीट त्या मानाने कमी हलतात. म्हणून आता आधी विचारतो की तोच पेपर दिलेल्या मुलांत ही कितवी आहे, आणि आदल्या बॅचमध्ये त्या नंबरवर होते त्यांना पुढे काय मिळालं. तरी अंदाज चुकतो. लहान क्लासमध्ये तर हा हिशोब चालतच नाही, मुलंच कमी.

तर तुमचे ५२०. जुन्या पॅटर्नचे की नव्या? किती मिनिटांत? चूक किती, सोडलेले किती? शेवटचे तीन पेपर घेऊन या, आणि मुलीला बाहेर बसू द्या.