नववीच्या निकालपत्रकातल्या जोड्या : माझा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत नववीच्या प्रथम सत्राचा निकाल लागला. दोन तुकड्या, १२४ मुलं. शनिवारी शाळा सुटल्यावर जादा तासासाठी एकच वेळ मोकळी होती आणि त्या वेळेत दोन विषय एकत्र घ्यायचे होते. मुख्याध्यापक सर म्हणाले, "गणित आणि इंग्रजी घ्या, नापासांची गर्दी तिथंच आहे." त्यांचं चुकीचं नव्हतं. पण कोणत्या दोन विषयांत तीच मुलं अडकतात, हे पत्रकावर कुठंच लिहिलेलं नसतं. तिथं विषयवार नापासांची बेरीज असते, जोड्यांची नसते. मी वर्गशिक्षिका आणि विज्ञानाची बाई. पत्रक घेऊन मी संगणकासमोर बसले.

विषय सहा: मराठी, दुसरी भाषा, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे. सहा विषयांच्या जोड्या होतात पंधरा. एक्सेलमध्ये एका ओळीत एक मूल, C ते H या रकान्यांत शंभरपैकी गुण. पस्तिशीच्या खाली म्हणजे नापास. विज्ञान (G) आणि सामाजिक शास्त्रे (H) या दोन्हींत नापास किती, हे विचारणारं सूत्र असं:

```
=SUMPRODUCT((G2:G125<35)*(H2:H125<35))
```

प्रत्येक कंस प्रत्येक मुलासाठी 'हो' किंवा 'नाही' सांगतो. दोन्ही 'हो' असतील तर गुणाकार एक, नाहीतर शून्य. त्या एकांची बेरीज म्हणजे जोडीचा आकडा. रकान्यांची अक्षरं बदलत पंधरा वेळा हेच लिहिलं आणि पहिल्या क्रमांकावर आली गणित आणि हिंदी! हिंदीत एवढी मुलं नापास होतच नाहीत, म्हणून हिंदीचे एकटे नापास मोजले. सूत्र म्हणालं ४३. आमच्या हिंदीच्या बाईंनी लाल पेनानं मोजले होते फक्त १२.

फरक ३१चा, आणि संयुक्त हिंदी-संस्कृत घेतलेली मुलंही बरोबर ३१. त्यांचे गुण शेजारच्या वेगळ्या रकान्यात होते आणि हिंदीचा चौकोन रिकामा होता. एक्सेल रिकाम्या चौकोनाला शून्य धरतं, म्हणजे पस्तिशीच्या आत. मग दोन्ही रकाने मिळून 'दुसरी भाषा' असा एकच रकाना केला.

विज्ञानात उलटी गोष्ट झाली. माझ्या हिशेबात ३० नापास, सूत्रात २४. मीच उत्तरपत्रिका तपासलेल्या, त्यामुळं तो आकडा मला पाठ होता. रकाना वरून खाली पाहत गेले तेव्हा दिसलं की बाकीचे आकडे चौकोनाच्या उजव्या कडेला टेकलेले, पण काही डाव्या कडेला. ते देवनागरी कळफलकावर भरले गेले होते: '२८', '३१'. एक्सेलला ती संख्या वाटत नाही, अक्षरं वाटतात, आणि तुलना करताना अक्षरं कोणत्याही संख्येपेक्षा मोठी ठरतात. म्हणून २८ गुणांचं मूल गुपचूप पास! 'गैह' लिहिलेल्या गैरहजर मुलांचंही तसंच होतं. आकडे पुन्हा भरले. एखाद्या विषयाला गैरहजर असलेली चार मुलं बाजूला काढली आणि त्यांच्या ओळी वगळल्या. राहिली १२०, ओळ २ ते १२१. आता प्रत्येक विषयाचे नापास त्या त्या शिक्षकांनी हातानं मोजलेल्या आकड्याशी जुळवले. ते जुळल्याशिवाय जोड्यांकडं पाहिलंच नाही.

या वेळी पहिली आली गणित-इंग्रजी, १८ मुलं. दुसरी गणित-विज्ञान, १७. विज्ञान-सामाजिक शास्त्रे १३. सरांचं म्हणणं बरोबर निघालं असं वाटलं. पण गणितात एकूण ४५ आणि इंग्रजीत ३६ नापास होते. दोन विषयांत एवढी मुलं नापास असली की त्यांचा काही संबंध नसतानाही बरीच नावं दोन्हीकडं येणारच. ही आपोआप येणारी संख्या किती, ते काढायला हवं होतं.

विज्ञानात १२० पैकी ३० नापास, म्हणजे चारात एक. सामाजिक शास्त्रांत नापास १८. या दोन विषयांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं, तर या अठरांतलेही चारात एक विज्ञानात नापास असते, म्हणजे साडेचार. प्रत्यक्षात होते १३, जवळजवळ तिप्पट. गणित-इंग्रजीचा हाच हिशेब येतो ४५ गुणिले ३६ भागिले १२०, म्हणजे साडेतेरा. प्रत्यक्षात १८. जास्त आहेत, पण फार नाहीत.

या हिशेबात सगळ्यात वर आली मराठी-सामाजिक शास्त्रे. अपेक्षा सव्वाच्या आसपास, प्रत्यक्षात सहा, म्हणजे पाचपट! मी जवळजवळ तीच जोडी सरांना सांगायला निघाले होते. पण सहाच नावं होती, म्हणून आधी वाचून पाहिली. त्यातली चार मुलं सहाच्या सहा विषयांत नापास होती. असं एक मूल एकटंच पंधराही जोड्यांत मोजलं जातं, आणि ज्या जोडीत मुळात मुलं थोडी, तिथं त्याचं वजन फार पडतं. म्हणून I रकान्यात प्रत्येक मुलाचे नापास विषय मोजले:

```
=COUNTIF(C2:H2,"<35")
```

आणि जोडीच्या सूत्रात एक कंस वाढवला:

```
=SUMPRODUCT((G2:G121<35)*(H2:H121<35)*(I2:I121<6))
```

मराठी-सामाजिक शास्त्रे सहावरून दोनवर आली. दोन मुलांवरून काहीच म्हणता येत नाही. विज्ञान-सामाजिक शास्त्रे १३ वरून ९ वर आली, पण उरलेल्या ११६ मुलांचा अपेक्षेचा हिशेब पुन्हा केला तर तो तीनच्या जरा वर येतो. म्हणजे ही जोडी तिप्पटच राहिली. त्या चार मुलांचा प्रश्न कोणत्याच जोडीचा नव्हता. त्यांच्या घरी जाऊन बोलायला हवं, असं मी सरांना वेगळं सांगितलं.

आकडा इथपर्यंतच नेतो. जोडी का जमली ते तो सांगत नाही. म्हणून त्या नऊ मुलांच्या दोन्ही विषयांच्या उत्तरपत्रिका काढून शेजारी शेजारी ठेवल्या. रिकाम्या जागा आणि जोड्या लावा बऱ्यापैकी सोडवलेले. 'कारणे लिहा' आणि 'सविस्तर उत्तरे लिहा' सात जणांनी दोन्हीकडं कोरे सोडलेले, किंवा प्रश्नच पुन्हा उतरवून काढलेला.

त्यातल्या एका मुलीला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि गतीच्या नियमांवरचा प्रश्न वाचायला दिला: पोहणारा पाणी मागे ढकलतो, तरी तो पुढे जातो, कारण स्पष्ट करा. ती एकेक शब्द सुटा वाचत शेवटाला पोचली तोवर सुरुवात हातातून निसटलेली होती. मग मी तोच प्रश्न तोंडी विचारला. ती लगेच म्हणाली, "बाई, तो पाण्याला ढकलतो म्हणून पाणी त्याला ढकलतं." मी विचारलं, मग पेपरात का नाही लिहिलंस? म्हणाली, "प्रश्न एवढा मोठा होता, कळलाच नाही."

सोमवारी मी सरांपुढं पंधरा जोड्यांचा कागद आणि त्या नऊ जणांच्या उत्तरपत्रिका ठेवल्या. शनिवारचा तास विज्ञान-सामाजिक शास्त्रांसाठी मिळाला. मराठीच्या सरांनाही सोबत घेतलं. पहिला अर्धा तास मुलं धड्यातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचतात आणि प्रत्येक वाक्य आपल्या शब्दांत सांगतात, उरलेल्या वेळात त्याच परिच्छेदावरचं एक 'कारणे लिहा' लिहून काढतात. गणित-इंग्रजीच्या मुलांसाठी अजून वेळ सापडलेली नाही. परिपाठाआधीचा अर्धा तास मिळतो का, ते सर पाहताहेत.