सराव पत्रक ४: एबिटडा दुपटीहून जास्त, नफा निम्म्याहून कमी, आणि अखेर सापडलेलं भाडं

मागच्या नोंदीत जिथे अडकलो होतो, ते गणित सुटलं. पत्रक तेच आहे: घोडबंदर रोड ते वाशीपर्यंत भाड्याच्या गाळ्यांत दुकानं चालवणारी साखळी, आकडे सरावासाठी बेतलेले, सगळे कोटींत. २०१८-१९ मध्ये विक्री २००, २०१९-२० मध्ये २१०. एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा धंद्यातला नफा, १२ वरून २८ वर उडाला आणि निव्वळ नफा मात्र ५ वरून २.२ वर आला.

वरून खाली उतरू. मालाची किंमत १२० होती, ती १२६ झाली. ठोकळ नफा दोन्ही वर्षी विक्रीच्या ४० टक्के, म्हणजे दुखणं मालात नाही. पगार ३० वरून ३३. मग 'इतर खर्च' ३८ वरून थेट २३. दुकानं तेवढीच असताना १५ कोटी वाचले कसे? आपल्याकडच्या ठरलेल्या नमुन्यात नफा-तोटा पत्रकावर एबिटडाची ओळ नसते आणि बहुतेक वेळा भाडंही इतर खर्चात बसलेलं असतं. त्यामुळे त्या ओळीचं टिपण उघडल्याशिवाय उत्तर मिळत नाही. टिपणात दिसलं की बाकीचा खर्च २० वरून २२ झालाय, पण भाडं १८ वरून १ वर आलंय.

घरमालकांनी भाडं सोडलेलं नाही. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे भाडेकरारांच्या हिशेबाचं मानक लागू झालं. दीर्घ मुदतीच्या भाडेकराराचं देणं तेव्हापासून ताळेबंदात येतं, आणि त्यासमोर गाळा वापरण्याचा हक्क मालमत्ता म्हणून मांडला जातो. नफा-तोटा पत्रकात मग भाड्याऐवजी दोन गोष्टी दिसतात: त्या हक्कावरचा घसारा (इथे १४) आणि त्या देण्यावरचं व्याज (इथे ६). दोन्ही एबिटडाच्या खाली. उरलेलं १ कोटी बारा महिन्यांच्या आतल्या करारांचं आहे, ते भाडं म्हणूनच राहतं. मागच्या वर्षाचे आकडे नव्या पद्धतीने न मांडण्याची मुभाही होती. या साखळीने ती घेतली आहे, म्हणून शेजारशेजारचे दोन रकाने मुळात तुलनेचेच नाहीत.

इथपर्यंत बऱ्याच जणांनी ओळखलं होतं. खरी गोची पुढे होती. एबिटडा फसवा असेल, तर घसारा वजा केलेला कार्यकारी नफा तरी खरा असावा, अशी अपेक्षा होती. तो ७ वरून ९ झाला (२८ वजा जुना घसारा ५, वजा नवा १४), म्हणजे ऑपरेटिंग मार्जिन ३.५ वरून ४.३ टक्के. तरीही नफा खालीच! कारण भाड्याचा घसाऱ्यात गेलेला भाग इथे मोजला जातो, पण व्याजात गेलेले ६ कोटी अजून खालीच आहेत. ते पकडले की सगळं जुळतं: ९ अधिक इतर उत्पन्न २, वजा व्याज ८ (बँकेचं २, भाड्याचं ६), करपूर्व नफा ३, कर ०.८, निव्वळ २.२.

आता भाडं परत वर आणायचं. रोकड प्रवाह पत्रकात वित्तपुरवठ्याच्या भागात भाडेदेण्याची मुद्दल १३ आणि व्याज ६ दिसतं, मिळून १९. २८ मधून १९ गेले की एबिटडा ९, म्हणजे ४.३ टक्के, आदल्या वर्षी तो ६ टक्के होता. घसारा ५ वजा केला की कार्यकारी नफा ४, मार्जिन १.९ टक्के. धंदा घसरलाय, आणि कारण आता स्पष्ट आहे: विक्री ५ टक्के वाढली, पगार आणि बाकीचा खर्च प्रत्येकी १० टक्के, भाडं १८ वरून २०.

एक चूक दोनदा झाली, म्हणून लिहून ठेवतो. भाडेकरारांच्या टिपणात 'एकूण रोख खर्च' २० दिसतो. तो आकडा वजा करू नका, त्यातलं अल्पमुदतीचं १ कोटी इतर खर्चात आधीच गेलंय.

तयार गुणोत्तरं देणाऱ्या संकेतस्थळांबद्दलही सांगायला हवं. तिथला ओपीएम, म्हणजे ऑपरेटिंग प्रॉफिट मार्जिन, कित्येकदा घसाऱ्याआधीचा असतो, म्हणजे नावाने ऑपरेटिंग आणि प्रत्यक्षात एबिटडा मार्जिन. काही कंपन्यांच्या सादरीकरणात एबिटडात इतर उत्पन्नही मिसळलेलं असतं; आपल्या पत्रकात तसं केलं तर २८ चे ३० होतात. मूळ अहवालाची पीडीएफ आणि स्वतःची स्प्रेडशीट, माझा भरवसा यांच्यावरच.

पुढच्या पत्रकासाठी सिमेंट घ्यायचं ठरलं होतं, ते मागे ठेवू. हे लिहिता लिहिता लक्षात आलं की याच साखळीसमोर नौपाड्यात स्वतःच्या मालकीचे गाळे असलेली दुसरी साखळी ठेवायला हवी. तिला भाडं नाही, पण गाळ्यांसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज आहे आणि इमारतींचा घसाराही. पत्रक ५ मध्ये दोघींचे आकडे निव्वळ नफ्यापर्यंत समोरासमोर मांडू. तोवर ज्यांनी पत्रक २ आणि ३ सोडवलीत, त्यांनी त्यातल्या भाड्याच्या ओळी पुन्हा तपासा. पत्रक ३ मधला माझा ११ टक्के एबिटडा मार्जिन आता मला बरोबर वाटत नाही.